सर्वांत जवळचं पाणी डोक्यावर नसतं

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, वणी या पट्ट्यात जमिनीखाली कोळसा आहे, हे आपण शाळेच्या भूगोलात शिकलेलो असतो. नकाशावर काळा ठिपका असतो, आणि त्यावरून मनात चित्र येतं ते एखाद्या काळ्या ढिगाचं. प्रत्यक्षात दगडी कोळसा थरात सापडतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदलीत साचलेल्या झाडपाल्यावर वाळू आणि गाळ बसत गेला, आणि वालुकाश्माच्या खालच्या-वरच्या थरांमध्ये कोळशाचा थर दबून राहिला. साचला तेव्हा तो जवळपास आडवा होता. पुढे जमीन खचली, कलली, तसा तोही कलला. खाणीतली माणसं अशा थराला सीम म्हणतात आणि त्याच्या उताराला डिप. भूशास्त्राच्या मराठी पुस्तकांत उताराला नती असा शब्द आहे.

हा कललेला थर वरून दिसत नाही. त्याच्याविषयी जे कळतं ते बोअर मारून. यंत्र जमिनीत पोकळ नळी फिरवत नेतं, नळीतून दगडाची लांब गोल कांडी बाहेर येते, ती लाकडी पेट्यांत ओळीनं मांडतात आणि कुठल्या खोलीवर वालुकाश्म संपून कोळसा सुरू झाला याची नोंद करतात. पण एका बोअरनं एकाच जागेची खोली कळते. दोन बोअरमधल्या शेकडो मीटर जमिनीखाली कोळसा कुठं असेल, हे कुणी पाहिलेलं नसतं. ते हिशोबानं काढावं लागतं, आणि तो हिशोब म्हणजे बारावीच्या गणितातलं प्रतलाचं समीकरण. परीक्षेपुरतं पाठ केलेलं आणि निकालानंतर विसरलेलं हे समीकरण खाणीत रोजच्या कामाचं आहे. ते नेमकं कसं चालतं, ते एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे मी हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. उतार मुद्दाम तीव्र धरला आहे, वर्धा खोऱ्यातले थर साधारणपणे याहून सौम्य कललेले असतात.

समजा, एका माळरानावर तीन बोअर मारले. पहिल्या बोअरची जागा हे आपलं मोजणीचं मूळ ठिकाण. दुसरा तिथून सरळ पूर्वेला ४०० मीटरवर, तिसरा सरळ उत्तरेला २४० मीटरवर. पहिल्यात कोळशाचा माथा ८० मीटर खोलीवर लागला, दुसऱ्यात १८६ मीटरवर, तिसऱ्यात १५७ मीटरवर. हे आकडे असेच्या असे वापरता येत नाहीत, कारण माळरान सपाट नसतं. पहिल्या बोअरचं तोंड समुद्रसपाटीपासून २०० मीटर उंचीवर आहे, दुसऱ्याचं २०६ आणि तिसऱ्याचं १९७. खोली वजा केली की कोळशाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते: १२०, २० आणि ४० मीटर. जमिनीचा चढउतार आता हिशोबातून निघून गेला, उरला तो फक्त थराचा.

पूर्वेकडे गेल्याचं अंतर x, उत्तरेकडे गेल्याचं y आणि उंची z म्हणू. पूर्वेला ४०० मीटर गेल्यावर थर १२० वरून २० वर आला, म्हणजे १०० मीटर उतरला. दर मीटरला पाव मीटर. उत्तरेला २४० मीटर गेल्यावर तो ८० मीटर उतरला. दर मीटरला एक तृतीयांश मीटर. थर सपाट असेल, म्हणजे कुठंही वळला किंवा तुटला नसेल, तर कुठल्याही ठिकाणी त्याची उंची काढायला एवढं पुरतं. १२० पासून सुरुवात करायची, पूर्वेकडच्या प्रत्येक मीटरला पाव वजा करायचा, उत्तरेकडच्या प्रत्येक मीटरला एक तृतीयांश वजा करायचा:

z = १२० − x/४ − y/३

दोन्ही बाजूंना १२ नं गुणून अपूर्णांक घालवले की हेच असं दिसतं:

३x + ४y + १२z = १४४०

प्रतलाचं समीकरण म्हणतात ते हेच. त्याच्याकडे एक चाचणी म्हणून पाहावं. जमिनीखालचा कुठलाही बिंदू घ्या, त्याचे तीन आकडे डाव्या बाजूला घाला. उत्तर बरोबर १४४० आलं तर तो बिंदू कोळशाच्या माथ्यावर आहे. जास्त आलं तर माथ्याच्या वर आहे, कमी आलं तर खाली. अनंत पसरलेल्या एका सपाट पृष्ठभागाची सगळी माहिती चार आकड्यांत मावली. तीन बोअर असे काटकोनात नसले, वेडेवाकडे विखुरलेले असले, तरी तेच समीकरण मिळतं, फक्त सदिशांचा गुणाकार करावा लागतो. बारावीला ज्याला क्रॉस प्रॉडक्ट म्हणतात तो हाच.

या समीकरणातून थराचा खरा उतारही निघतो. पूर्वेला पाव, उत्तरेला एक तृतीयांश, हे दोन्ही त्या त्या दिशेचे उतार आहेत, पण थर सर्वांत वेगानं उतरतो तो या दोहोंच्या मधल्या एका दिशेनं. ती दिशा समीकरणात लिहूनच ठेवली आहे: तीन मीटर पूर्वेला, चार मीटर उत्तरेला. असं पाच मीटर तिरपं चाललं की थर पाऊण अधिक सव्वा मीटर आणि वर आणखी थोडा, नेमकं सांगायचं तर २५/१२ मीटर उतरतो. म्हणजे दर मीटरला ५/१२. कोनात सांगायचं तर साधारण साडेबावीस अंश, उत्तरेपासून पूर्वेकडे ३७ अंश वळलेल्या दिशेनं. हा कोन ताडून पाहायची एक सोय बोअरच्या कांडीतच असते. उभ्या बोअरमधून निघालेल्या कांडीवर थरांच्या बारीक रेषा आडव्या दिसण्याऐवजी तिरप्या दिसतात, आणि तो तिरपेपणा मोजला की उताराचा कोन मिळतो. दिशा मात्र कळत नाही, कारण कांडी नळीत फिरत फिरत वर आलेली असते. दिशेसाठी तीन बोअरच लागतात.

आता जाडीकडे वळू. तिन्ही बोअरमध्ये कोळशाचा माथा लागल्यापासून तळ लागेपर्यंत १३ मीटर कोळसा निघाला असं धरा. थर १३ मीटर जाड आहे असं कुणीही म्हणेल, आणि चुकेल. बोअर उभा आहे, थर कललेला. उभी नळी कललेल्या थरातून तिरपी जाते आणि जाडीपेक्षा जास्त अंतर कापते. थराची खरी जाडी म्हणजे माथ्यावरच्या एखाद्या बिंदूपासून तळाच्या प्रतलापर्यंतचं लंबांतर. तळ सगळीकडे माथ्याच्या १३ मीटर खाली आहे, म्हणून त्याच्या समीकरणात उजवी बाजू १२ गुणिले १३, म्हणजे १५६ नं कमी होते:

३x + ४y + १२z = १२८४

माथा आणि तळ एकमेकांना समांतर आहेत, फक्त शेवटचा आकडा बदलला. आता लंबांतर कसं काढायचं? पाठ्यपुस्तकातलं सूत्र सांगतं: बिंदूचे आकडे समीकरणात घाला, उजवी बाजू वजा करा, आणि आलेल्या संख्येला x, y, z च्या गुणकांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळानं भागा. इथं ९ अधिक १६ अधिक १४४ म्हणजे १६९, त्याचं वर्गमूळ १३. फरक १५६, त्याला १३ नं भागलं की १२. थराची खरी जाडी १२ मीटर.

वर्गमुळानं का भागायचं, हे फार थोड्या वर्गांत सांगितलं जातं. कारण मात्र साधं आहे, आणि त्यासाठी एकच गोष्ट बघायची: एक मीटर सरकल्यावर डावी बाजू किती बदलते. सरळ वर गेलात तर दर मीटरला १२ नं वाढते. पूर्वेला गेलात तर ३ नं, उत्तरेला ४ नं. आता ३ मीटर पूर्वेला, ४ मीटर उत्तरेला आणि १२ मीटर वर अशा तिरक्या दिशेनं निघा. ही चाल एकूण १३ मीटरची झाली आणि तेवढ्यात डावी बाजू ९ अधिक १६ अधिक १४४, म्हणजे १६९ नं वाढली. दर मीटरला १३. यापेक्षा वेगानं ती कुठल्याच दिशेनं वाढत नाही. कारण थराला समांतर कितीही चाललात तरी डावी बाजू हलत नाही. वाढ होते ती फक्त थराशी काटकोन करणाऱ्या दिशेनं, आणि ती दिशा हीच. दुसऱ्या कुठल्याही वाटेनं निघालं की चालण्याचा काही भाग थराला समांतर जाऊन वाया जातो.

म्हणजे भागाकाराचा अर्थ असा: फरक एकूण किती आहे, आणि दर मीटरला किती भरून निघतो. १२ नं भागलं की सरळ वर-खाली जाऊन प्रतल किती दूर ते कळतं. १३ नं भागलं की सर्वांत आखूड वाटेनं किती दूर ते कळतं. पाठ्यपुस्तकातलं सूत्र म्हणजे या अनेक शक्य भागाकारांपैकी सर्वांत मोठ्या भाजकानं केलेला एक. एकोणिसाव्या शतकातले जर्मन गणिती ओटो हेस यांच्या नावानं ओळखलं जाणारं प्रतलाचं रूप हेच करतं. ते संपूर्ण समीकरणाला आधीच १३ नं भागून ठेवतं, म्हणजे नंतर नुसते आकडे घातले की थेट मीटरमध्ये अंतर मिळतं.

१२ की १३ मीटर, या एका मीटरनं काय बिघडतं? कोळशाच्या साठ्याच्या हिशोबात बरंच. नकाशावरचं एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर क्षेत्र घ्या. नकाशा आडवा असतो, म्हणून त्याला उभ्या १३ मीटरनं गुणायचं: १,३०,००० घनमीटर कोळसा. दुसरी पद्धत म्हणजे कललेल्या थराचं स्वतःचं क्षेत्रफळ काढायचं. ते उतारामुळे नकाशापेक्षा मोठं, १०,८३३ चौरस मीटर भरतं. त्याला खऱ्या १२ मीटर जाडीनं गुणलं की पुन्हा १,३०,०००. दोन्ही वाटा बरोबर आहेत. चूक होते ती दोन्हींची सरमिसळ केल्यावर. कललेलं क्षेत्रफळ एका तक्त्यातून घेतलं आणि उभी जाडी बोअरच्या नोंदवहीतून उचलली, तर दर हेक्टरी १०,८३३ घनमीटर कोळसा कागदावर जास्त दिसतो. घनमीटरला दीड टन धरलं तर सोळा हजार टनांहून जास्त. जमिनीत नसलेला हा कोळसा अहवालात मात्र असतो. अशी चूक पकडायची सोपी खूण म्हणजे प्रत्येक आकड्यापुढे तो उभा, आडवा की लंब मोजलेला आहे, हे लिहिलेलं आहे का ते पाहणं. लिहिलेलं नसेल तर त्या अहवालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

साठ्याची चूक पैशाची असते. दुसरी एक चूक जिवाची असते.

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामांमध्ये साठलेलं पाणी चालू खाणीत घुसलं आणि ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. देशातल्या सर्वांत भीषण खाण दुर्घटनांपैकी ही एक. कोळसा काढून झालेली पोकळी कालांतरानं पाण्यानं भरते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. नवं काम तिच्या फार जवळ पोचलं की मधला दगड तो दाब पेलू शकत नाही. म्हणून १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत एक बंधन आधीपासूनच होतं: जुन्या, पाणी नसल्याची खात्री न केलेल्या कामांपासून ६० मीटरच्या आत चालू काम न्यायचं असेल तर आधी परवानगी घ्यायची. हे ६० मीटर कसे मोजायचे याचा खुलासाही नियमातच होता. अंतर म्हणजे कमीत कमी अंतर, मग ते आडवं, उभं किंवा तिरपं, कुठल्याही दिशेनं असो. प्रतलापासूनच्या लंबांतराची ही कायद्याच्या भाषेतली व्याख्याच म्हणायला हवी.

आपल्याच उदाहरणात हे घालून पाहू. वरचा थर पूर्वी काढून झाला, पोकळीत पाणी भरलं. त्या पोकळीचा तळ म्हणजे आपलं दुसरं समीकरण, १२८४ चं. आता खाली आणखी एक थर आहे, आणि त्यात बोगदा खणत माणसं पुढे निघाली आहेत. बोगद्याचं टोक आपल्या मूळ ठिकाणापासून २०० मीटर पूर्वेला, १५० मीटर उत्तरेला आणि समुद्रसपाटीच्या ५६ मीटर खाली आहे. म्हणजे z उणे ५६. आकडे घाला: ६०० अधिक ६०० वजा ६७२, म्हणजे ५२८. त्यातून १२८४ वजा केले की उणे ७५६.

या ७५६ चे चार भागाकार करून पाहण्यासारखे आहेत. १२ नं भागलं तर ६३. बोगद्याच्या टोकावरून सरळ वर ६३ मीटरवर पाणी आहे. नकाशावर उभा छेद काढणाऱ्याला हाच आकडा दिसतो, आणि साठापेक्षा जास्त म्हणून तो निर्धास्त होतो. ४ नं भागलं तर १८९: उत्तरेला आडवं खणत गेलं तर एवढ्या अंतरावर पाणी लागेल. ३ नं भागलं तर २५२: पूर्वेला तेवढ्यावर. आणि १३ नं भागलं तर ५८.१५ मीटर. सर्वांत जवळचं पाणी साठ मीटरच्या आत आहे. हे काम परवानगीशिवाय पुढे नेता येत नाही.

हे सर्वांत जवळचं पाणी नेमकं कुठं आहे, तेही काढता येतं. टोकापासून ३, ४, १२ च्या दिशेनं ५८ मीटर गेलं की आपण प्रतलावर येतो, आणि ती जागा टोकाच्या बरोबर वर नसते. ती साधारण साडेतेरा मीटर पूर्वेला आणि अठरा मीटर उत्तरेला सरकलेली असते. थर ज्या बाजूला उतरतो त्या बाजूला, म्हणजे बोगदा उताराच्या दिशेनं चालला असेल तर पुढ्यातच. छतावर नजर ठेवून हा धोका दिसणार नाही.

फरक उणे आला याचा अर्थ बिंदू प्रतलाच्या खाली आहे. पाठ्यपुस्तकात सूत्राच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा मारून हे चिन्ह पुसून टाकतात, कारण अंतर ऋण असू शकत नाही. मला हे नेहमी खटकतं. पाणी डोक्यावर आहे की पायाखाली, ही माहिती फुकट मिळत असताना ती टाकून देण्यात काय हशील? आधी चिन्हासकट उत्तर लिहावं, मग हवं तर चिन्ह काढावं.

आतापर्यंतचा सगळा हिशोब एका गृहीतावर उभा आहे: थर सपाट आहे. तीन बोअर या गृहीताची परीक्षा कधीच घेऊ शकत नाहीत. तीन पायांची तिपाई कसल्याही जमिनीवर डगमगत नाही, तसं तीन बिंदूंतून (ते एका रेषेत नसतील तर) एक प्रतल हमखास जातं, जमिनीखाली काहीही असो. थर मध्येच तुटला असेल तरी तीन बोअर निमूटपणे एक सुंदर समीकरण देतील. डगमग सुरू होते ती चौथ्या पायापासून.

म्हणून चौथा बोअर मारण्याआधी त्याचं उत्तर लिहून ठेवावं. समजा तो बोगद्याच्या टोकावरच, २०० मीटर पूर्वेला आणि १५० मीटर उत्तरेला आहे. समीकरण सांगतं की माथा तिथं १२० वजा ५० वजा ५०, म्हणजे २० मीटर उंचीवर असेल. तोंड २०५ मीटरवर असेल तर कोळसा १८५ मीटर खोलीवर लागायला हवा. तो १८६ वर लागला तर काही बिघडलं नाही, निसर्ग पट्टीनं आखलेला नसतो. पण १८५ वर नुसताच वालुकाश्म निघाला आणि कोळसा २१० वर लागला तर? माथा समीकरणाच्या २५ मीटर खाली, लंब मोजला तर २३ मीटर खाली सापडला. मोजणीच्या चुकीनं एवढा फरक पडत नाही. मग शक्यता थोड्या उरतात. मधून विभंग गेला असेल, म्हणजे खडक तुटून एक बाजू खाली घसरली असेल. किंवा थर वाकला असेल. किंवा चौथ्या बोअरमध्ये लागलेला कोळसा याच थराचा नसेल, त्याच्या खालचा दुसराच थर पहिला समजून नोंदला गेला असेल. हे शेवटचं दिसतं तितकं दुर्मीळ नाही, कारण कोळसा कोळशासारखाच दिसतो. मग त्याच्या वरच्या-खालच्या खडकांचा क्रम आणि कोळशातली राख ताडून पाहावी लागते. विभंग असेल तर त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी समीकरणं लिहावी लागतात. चारही बोअरमधून एक सरासरी प्रतल काढून मोकळं होणं ही तिथली सर्वांत वाईट निवड, कारण ते प्रतल कोळशाच्या एकाही बाजूवर बसत नाही. शिवाय विभंग ही पाण्याची वाट असू शकते, आणि लंबांतराच्या सूत्राला ती दिसत नाही.

तीन बोअर निवडण्यातही एक सापळा आहे. यंत्र न्यायला सोपं जातं म्हणून बोअर बहुधा रस्त्याकडेला मारले जातात, आणि रस्ता सरळ असतो. समजा तिसरा बोअर उत्तरेला २४० मीटरवर मारण्याऐवजी रस्त्यालगतच, दोन बोअरच्या ओळीपासून फक्त १० मीटर उत्तरेला मारला. समीकरण तेव्हाही निघेल. पण तिसऱ्या बोअरच्या नोंदीत एक मीटरची चूक झाली तर उत्तरेकडच्या उतारात दर मीटरला एक दशांश मीटर चूक होईल. तीनशे मीटर उत्तरेला गेल्यावर ती ३० मीटरची होते. २४० मीटरवर बोअर असता तर तीच एक मीटरची चूक तिथं सव्वा मीटरची राहिली असती. समीकरणाकडे बघून हा दोष दिसत नाही, दोन्ही समीकरणं सारखीच सुबक असतात. नकाशावर तिन्ही बोअर जोडून त्रिकोण काढावा. तो सुईसारखा निमुळता दिसला तर त्या समीकरणावर भरवसा ठेवू नये.

संगणकावर हिशोब करताना आणखी एक गंमत होते, आणि ती महाग पडते. सर्वेक्षणात जागा बहुधा विषुववृत्तापासूनच्या अंतरानं लिहितात. चंद्रपूरजवळ हा उत्तरेकडचा आकडा सुमारे २२ लाख मीटर येतो. मोठ्या आकड्यांनीही समीकरण बरोबरच निघतं. पण कुणीतरी शेवटचा स्थिरांक पूर्ण अंकांनी काढला आणि कागदावर उतार लिहिताना एक तृतीयांशाऐवजी ०.३३३ लिहिलं. राहिलेले ०.०००३३३ क्षुल्लक वाटतात, पण त्यांना २२ लाखांनी गुणा: ७३३ मीटर. कोळसा अचानक एखाद्या टेकडीच्या उंचीवर जाऊन बसतो. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. पाच-सहा दशांश ठेवून केलेली चूक काही मीटरचीच असते आणि ती दिसत नाही. म्हणून मोजणीचं मूळ ठिकाण खाणीच्या आवारातच धरायचं, जसं आपण पहिल्या बोअरवर धरलं.

राहता राहिली ती सूत्राची एक उघड मर्यादा. प्रतल अनंत असतं, जुनी पोकळी नसते. बोगद्याच्या टोकापासून टाकलेला लंब जिथं पोचतो तिथवर जुनं काम झालेलंच नसेल, तर सर्वांत जवळचं पाणी त्या लंबाच्या टोकाशी नसून जुन्या कामाच्या कडेवर कुठंतरी असतं, आणि अंतर ५८ मीटरपेक्षा जास्त भरतं. त्यासाठी जुन्या कामाची हद्द नकाशावर ठाऊक असायला हवी. पण जुने नकाशे अर्धवट असू शकतात. नकाशा पूर्ण झाल्यावरही कुणी दोन-चार कमानी कोळसा काढलेला असू शकतो. म्हणून साठ मीटरच्या आत जायची परवानगी मिळाली तरी हिशोबावर विसंबून खणत जाता येत नाही. टोकाच्या पुढे आणि बाजूंना आधी बारीक बोअर मारायचे, त्यांतून पाणी येत नाही याची खात्री करायची, आणि मगच काम पुढे न्यायचं.